मार्चनंतर भरलेले आयातीचे बिल : डॉलरचा फरक कोणत्या वर्षात?

ऑडिटला आम्ही बसतो तोवर परदेशी पुरवठादाराचे पैसे बहुतेक वेळा देऊन झालेले असतात. मग हमखास प्रश्न येतो, ‘डॉलर कितीला पडला ते आता कळलंय, तर मार्चच्या ताळेबंदात तोच दर का धरत नाही?’

समजा, आपण फेब्रुवारीत 10,000 डॉलरचा कच्चा माल उधारीवर घेतला. त्या दिवशी डॉलर 83 रुपये, म्हणून खरेदी आणि देणे दोन्ही 8,30,000 रुपयांना नोंदले. 31 मार्चला डॉलर 84.20 झाला. अकाउंटिंग स्टँडर्ड 11 नुसार बाकी देणे त्या दिवशीच्या दराने पुन्हा मांडायचे, म्हणजे 8,42,000. वाढलेले 12,000 हे सरत्या वर्षाचे नुकसान. 20 मे रोजी पैसे पाठवले तेव्हा दर 83.60 पडला आणि 8,36,000 गेले. वाचलेले 6,000 हा नव्या वर्षाचा नफा.

एकूण नुकसान 6,000 च झाले, पण ते दोन वर्षांत असे विभागले जाते. मार्चनंतर रुपया सावरला ही नव्या वर्षातली घटना आहे. 31 मार्चला तुमच्या डोक्यावर 84.20 च्याच दराचे देणे होते, म्हणून मे महिन्याचा दर मागे नेता येत नाही.

मालाच्या किमतीला मात्र हात लावायचा नाही. तो माल गोदामात पडून असला तरी डॉलर वाढला म्हणून त्याची किंमत वाढवू नका. फरक थेट नफा-तोटा खात्यात जातो. पुरवठादाराला दिलेला ॲडव्हान्सही दिला त्या दिवशीच्या दरानेच राहतो. फेरमांडणी फक्त उरलेल्या देण्याची.

आमच्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, खरेदी बिल ऑफ एन्ट्रीवरच्या दराने नोंदवणे. तो दर कस्टम्सने ड्युटी मोजण्यासाठी जाहीर केलेला असतो. खरेदीची नोंद व्यवहाराच्या दिवशीच्या बाजारदराने करायची. दुसरी चूक बँकेच्या नोंदीत होते. बँकेने खात्यातून 8,37,180 कापले असतील, तर वरचे 1,180 हे कमिशन आणि त्यावरचा जीएसटी. ते विनिमय फरकात मिसळले की नफा 6,000 ऐवजी 4,820 दिसतो. म्हणून बँकेची डेबिट ॲडव्हाइस जपून ठेवा, तिच्यावर दर वेगळा छापलेला असतो.

टॅलीत डॉलरमध्ये नोंदी करत असाल, तर 31 मार्चचा दर भरून ताळेबंद उघडा. ‘Unadjusted Forex Gain/Loss’ ही ओळ दिसली, तर फरकाची जर्नल एंट्री राहून गेली आहे.

बिलासाठी फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट घेतले असेल किंवा कच्च्या मालाऐवजी मशीन आणले असेल, तर हिशेब बदलतो, विशेषतः आयकराचा. अशा वेळी स्वतः एंट्री न करता कागद आधी आमच्याकडे पाठवा.