पाझर कमी, तरीही धोका: मालपासे धरणाने काय शिकवलं

धरणाच्या जागेचा खडक किती पाणी पितो, हे मोजायची पद्धत स्विस भूवैज्ञानिक मोरिस ल्यूजॉन यांनी 1933 मध्ये मांडली. बोअरचा एक टप्पा बंद करून त्यात 10 बार दाबाने पाणी ढकलायचं. दर मीटरमागे मिनिटाला एक लिटर पाणी खडकात गेलं तर ते एक ल्यूजॉन. उंच धरणाच्या पायासाठी हीच मर्यादा त्यांनी सुचवली होती. पाणी त्याहून जास्त जात असेल तर भेगांत सिमेंट भरायचं. त्यामुळे बराच काळ सगळं लक्ष गळतीवरच राहिलं.

दक्षिण फ्रान्समधलं मालपासे हे सुमारे 60 मीटर उंचीचं, पातळ कमानी धरण. तळाशी त्याची जाडी सात मीटरही नव्हती. कमानी धरण पाण्याचा रेटा दोन्ही तीरांवरच्या खडकावर सोडतं, म्हणजे तो खडक धरणाचाच भाग असतो. इथे डाव्या तीराला पट्ट्यापट्ट्यांचा, भेगाळलेला नाइस खडक होता. 2 डिसेंबर 1959 च्या रात्री जलाशय पहिल्यांदाच काठोकाठ भरत आला असताना धरण फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. काँक्रीटमध्ये दोष सापडला नाही. डाव्या तीराचा खडकच पाचरीसारखा निखळून गेला होता. त्या खळग्याची एक बाजू नाइसच्या पट्ट्यांची होती, तर दुसरी एका भ्रंशाची, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेची. हा भ्रंश धरणाखालून तिरपा गेलेला होता आणि आधीच्या तपासणीत कुणाच्या नजरेस आलेला नव्हता.

खरा धडा मात्र पुढच्या संशोधनातून मिळाला. नाइसचे नमुने दाबाखाली ठेवून त्यांतून पाणी सोडलं, तेव्हा दाब वाढेल तशा बारीक भेगा मिटत गेल्या आणि पाझर कितीतरी पटींनी घटला. कमानीच्या रेट्याने तीराच्या आतही हेच झालं असणार: दबलेल्या खडकाचा पडदा तयार झाला, त्याच्यामागे पाणी अडलं आणि त्या दाबाने पाचर उचलली गेली. गळती कमी म्हणून निर्धास्त राहण्यासारखं काही नव्हतं, उलट पाण्याला बाहेर पडायला वाट नसणं हेच घातक ठरलं.

त्यानंतर तीरांच्या खडकात निचऱ्याची छिद्रं आणि पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर यांना सिमेंट भरण्याइतकंच महत्त्व आलं. भेगा मोजण्याबरोबर त्यांचा कल आणि दिशा नोंदवून, कोणत्या दोन-तीन भेगा मिळून सुटी पाचर तयार होते हेही तपासलं जाऊ लागलं. सरळ उभा बोअर उभ्या भेगांना समांतर जातो, त्या त्याला सहसा लागतच नाहीत. म्हणून तिरपे बोअर घ्यावे लागतात आणि शंकेच्या ठिकाणी तीरात आडवा बोगदा खणून खडक डोळ्यांनी पाहावा लागतो. बोअर करताना आत सोडलेलं पाणी वर यायचं एकाएकी थांबलं, किंवा बोअरमधून काढलेल्या खडकाच्या गाभ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बोटाला चिकटणारी माती आढळली, तर ती खोली वहीत लगेच लिहायची. अशी मऊ माती गाभा काढताना बऱ्याचदा धुऊन जाते आणि गाभा ठेवायच्या पेटीत नुसती मोकळी जागा उरते. ती जागा लाकडी ठोकळ्याने भरून टाकली आणि नोंद करायची राहून गेली, की नेमका कमकुवत थर कागदावर येतच नाही.