शिल्पमाध्यम आणि मूर्तीची ठेवण

मूर्तीची ठेवण, बारकावे आणि चेहऱ्यावरचा भाव बऱ्याच अंशी माध्यमाच्या गुणधर्मांवर ठरतात. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फार थोडा. त्यामुळे धडापासून सुटा काढलेला हात किंवा बोट मुळाशी तडकण्याचा धोका असतो. लाकूड तंतूंच्या दिशेने ताणही सोसते.

वालुकाश्म : हा वाळूच्या कणांचा, थराथरांनी बनलेला दगड. कणाहून बारीक रेषा त्यात टिकत नाही, म्हणून पापण्या, ओठ मोठ्या, गोलसर पृष्ठांतून साधावे लागतात. मथुरेच्या कुषाणकालीन बुद्धमूर्तींत अभयमुद्रेतील उजवा हात खांद्याजवळ ठेवून मधला दगड तसाच राखलेला दिसतो. कटरा येथील आसनस्थ मूर्ती याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

याच संदर्भात बोटांमधील पडद्याचा वाद येतो. मांकुवार येथील बुद्धमूर्तीत (कोरीव लेखातील गुप्त संवत १२९, म्हणजे सुमारे इ. स. ४४८-४९) हाताच्या बोटांमध्ये दगडाचा पातळ पडदा आहे. बौद्ध परंपरेत महापुरुषाच्या शरीरावरील ३२ लक्षणांत हातापायांवरील ‘जाल’ सांगितले आहे. ते या पडद्याचे मूळ, असे एक मत. बोटे तुटू नयेत म्हणून राखलेल्या दगडाला पुढे लक्षणाचा अर्थ चिकटला, असे दुसरे. लक्षणांची यादी दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातही येते आणि ती बुद्धमूर्तींहून जुनी असण्याचा संभव आहे. तेव्हा लक्षण मूर्तीवरून निघाले असे म्हणणे कठीण. मात्र त्यातील ‘जाल’ म्हणजे पडदाच, असे मुळात अभिप्रेत होते का, हा प्रश्न उरतो. तळव्यावरील जाळीदार रेषा असाही अर्थ लावला गेला आहे. दगडी मूर्तीत पडदा रूढ होण्यास कारागिराची गरज कारणीभूत झाली असावी, हे अधिक पटते. पुढे काही धातुमूर्तींतही तो आढळतो. धातूला अशा आधाराची गरज नसल्याने तेथे तो केवळ लक्षण म्हणूनच आला असणार.

संगमरवर : याचे बारीक स्फटिक थोडा प्रकाश आत घेतात, म्हणून त्वचा मऊ भासते आणि डोळ्याची बाहुलीही खोल कोरता येते. ताणाची मर्यादा मात्र कायम राहते. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ (१५०१–०४, उंची सुमारे ५.१७ मी.) दुसऱ्याने आधीच कोरायला घेऊन सोडलेल्या, कमी जाडीच्या ठोकळ्यातून घडला. उजव्या पायामागील झाडाचे खोड भार पेलण्यासाठी आहे. तरीही घोट्यांजवळ आणि त्या खोडात सूक्ष्म भेगा आढळल्या आहेत.

लाकूड : वाळताना लाकूड वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने अधिक आकसते, त्यामुळे गाभ्यापासून बाहेर भेगा पडतात. दक्षिण जर्मनीतील शिल्पकार टिलमन रीमनश्नायडर (मृ. १५३१) व त्याचे समकालीन लिंडन वृक्षाच्या ओंडक्याचा गाभा काढून मूर्ती पाठीमागून पोकळ करीत. म्हणूनच त्या बहुधा समोरून पाहण्यासाठीच योजलेल्या असतात. बाहेर आलेला हात निराळा कोरून खुंटीने जोडता येई.