अमिओडॅरोनची गोळी सुरू होतेय? आधी कोणते रिपोर्ट लागतात, नंतर कोणत्या तारखांना काय तपासायचे

हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडल्यावर कार्डिओलॉजिस्ट जी औषधे देतात, त्यांत अमिओडॅरोन सर्वांत परिणामकारक औषधांपैकी एक आहे. मात्र सर्वांत जास्त लक्ष ठेवावे लागते तेही याच औषधावर. हे लक्ष ठेवण्याचे काम एका फाइलवर चालते. गोळी सुरू होण्याआधीचे रिपोर्ट त्या फाइलमध्ये नसतील, तर वर्षभरानंतर आलेल्या आकड्यांचा अर्थ कोणालाच नीट लावता येत नाही.

हे औषध कोणाला दिले जाते

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे जीवघेणे जलद ठोके, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, हे याचे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांतले अनियमित ठोके, विशेषतः हृदय कमजोर असल्यामुळे तालावरची इतर औषधे चालत नाहीत तेव्हा. पेसमेकर नसताना ठोके मुळातच फार मंद असतील किंवा मोठा हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विद्युतप्रवाहाला मोठा अडथळा असेल, तर हे औषध देत नाहीत. आयोडीनची ॲलर्जी, गरोदरपण आणि अंगावर पाजणे या बाबी डॉक्टरांना आधीच सांगायच्या. थायरॉईडचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असला म्हणून औषध बंदच असे नाही, पण निर्णय बदलू शकतो, म्हणून त्याचे जुने कागद सोबत न्या.

औषध करते काय, तर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाट अडवते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ लागतो आणि भरकटलेला विद्युतप्रवाह फिरत राहू शकत नाही. सोबतीला सोडियम आणि कॅल्शियमच्या वाटांवर आणि ॲड्रेनलिनच्या परिणामावरही ते थोडा लगाम घालते. एकाच गोळीत इतके गुण असल्यामुळेच ती इतर औषधे हरतात तिथे चालते.

त्रासाचे मूळ दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे आयोडीन. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन बांधलेले असते आणि त्यातले साधारण 6 मिलिग्रॅम रोज शरीरात मोकळे होते. मोठ्या माणसाची रोजची गरज 0.15 मिलिग्रॅम आहे, म्हणजे गरजेच्या 40 पट. दुसरी गोष्ट म्हणजे हे औषध चरबीत विरघळते आणि चरबी, यकृत, फुप्फुस, त्वचा इथे साठत जाते. शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 50 दिवस लागतात, काहींना 100 पेक्षाही जास्त. म्हणूनच सुरुवातीला मोठा डोस देऊन कोठारे भरावी लागतात. नेहमीची एक पद्धत अशी: 7 दिवस रोज तीन गोळ्या, पुढचे 7 दिवस रोज दोन, मग रोज एक. हिशेबाने पहिल्या दोन आठवड्यांत 35 गोळ्या. हा तक्ता लिहूनच घ्या. ‘तीन वेळा’ हे फक्त पहिल्या आठवड्यासाठी आहे हे लक्षात न राहिल्याने महिनोन् महिने तीन गोळ्या चालू राहणे ही याच औषधाबाबत होणारी ठरलेली चूक आहे, आणि फुप्फुसाचा धोका डोसबरोबर वाढतो.

गोळी सुरू होण्याआधी फाइलमध्ये काय हवे

ईसीजी. रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. थायरॉईडला चालना देणारे टीएसएच आणि थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन फ्री टी4 (दोन्ही, नुसते टीएसएच पुरत नाही). यकृताची एन्झाइम्स एएलटी आणि एएसटी. छातीचा एक्स-रे, आणि सोय असेल तर फुप्फुसाची क्षमता-चाचणी, डीएलसीओसह, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो त्या मोजमापासह. दृष्टीची आधीचीच तक्रार असेल तर डोळ्यांची तपासणी. एक्स-रेचा फक्त रिपोर्ट ठेवू नका, फिल्म किंवा सीडीही जपून ठेवा. दोन वर्षांनी ‘हा डाग आधी होता का?’ हा प्रश्न येतो, तेव्हा उत्तर फिल्मच देते.

शिवाय चालू औषधांची पूर्ण यादी लागते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर त्याचा डोस साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावा लागतो आणि पहिले काही आठवडे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, वरचेवर पाहावा लागतो. हृदयाचे औषध डिगॉक्सिन बहुधा निम्मे करतात. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन असेल तर ते दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत.

थायरॉईड: पहिल्या तीन महिन्यांतला फसवा रिपोर्ट

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एक नमुना आकड्यांसह पाहू. समजा 66 वर्षांच्या एक बाई आहेत. गोळी 1 जूनला सुरू झाली. आधीचे टीएसएच 2.8, फ्री टी4 व्यवस्थित. जुलैच्या मध्यात थोडा थकवा वाटला म्हणून घराजवळच्या लॅबमध्ये तपासले, तर टीएसएच 11. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय’. आता घाईने थायरॉईडची गोळी थायरॉक्सिन सुरू झाली तर ती चूक ठरण्याची शक्यता मोठी आहे.

कारण असे की टी4 चे टी3 करणारे एन्झाइम अमिओडॅरोन अडवते. त्यामुळे रक्तातले टी4 थोडे चढते, टी3 थोडे उतरते आणि पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून प्रतिसाद देते. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच 20 च्या आत कुठेही जाऊन परत खाली येऊ शकते. पाहायचे ते फ्री टी4. या बाईंचे ते नॉर्मलच्या वरच्या काठावर आहे, म्हणजे ग्रंथी आळसावलेली नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासल्यावर टीएसएच 4 वर येते आणि विषय तिथे संपतो. तीन महिन्यांनंतरही टीएसएच चढेच राहिले आणि फ्री टी4 खाली गेले, तर मात्र तो खरा हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड कमी पडणे. त्यावर थायरॉक्सिन देतात आणि अमिओडॅरोन सहसा चालूच राहते.

उलटी बाजू, म्हणजे थायरॉईडचे हार्मोन जास्त होणे, जास्त धोक्याची आहे. याच बाईंचे पुढच्या वर्षी चार किलो वजन उतरते, काबूत आलेले ठोके पुन्हा बिघडतात आणि वॉरफरिनचा डोस न बदलताही आयएनआर 4.6 येतो. या वयात हात थरथरणे, घाम येणे ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही, कारण औषध स्वतःच ती दाबते. बिघडलेला ताल आणि विनाकारण चढलेला आयएनआर हाच इथे इशारा. टीएसएच 0.01 च्या खाली निघाले की एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे लगेच जायचे, कारण उपचार दोन तऱ्हांचे आहेत. आधीच गाठ किंवा गलगंड असलेल्या ग्रंथीने जादा आयोडीन वापरून हार्मोन बनवले असेल तर ग्रंथीचे काम दाबणारे कार्बिमाझोल देतात. औषधाने ग्रंथीच्या पेशी फुटून साठवलेले हार्मोन सांडले असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. गळ्याची डॉपलर सोनोग्राफी दोन्हींत फरक करायला मदत करते. अमिओडॅरोन बंद करायचे की नाही हे कार्डिओलॉजिस्टशी बोलूनच ठरते, स्वतःहून नव्हे.

फुप्फुस: खोकल्याला दुसरे नाव पडते तेव्हा

कोरडा खोकला, चढत जाणारी धाप, बारीक ताप, वजन उतरणे. हीच लक्षणे हार्ट फेल्युअरची, न्युमोनियाची आणि आपल्याकडे टीबीचीही. म्हणून आजार हातातून निसटतो. पाणी कमी करणारी गोळी वाढवली तरी धाप हटत नाही, अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी एक्स-रेवरचे डाग तसेच, थुंकीत टीबी नाही: अशा वेळी ‘मी अमिओडॅरोन घेतो’ हे वाक्य रुग्णानेच मोठ्याने म्हणायला हवे. मग छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, म्हणजे एचआरसीटी, आणि डीएलसीओ होते. आधीच्या डीएलसीओपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त घट असेल तर संशय बळावतो. सुरुवातीला केलेली चाचणी इथे कामी येते. डीएलसीओ पूर्वीइतकेच असेल तर फुप्फुसाला औषध लागले असण्याची शक्यता कमी.

रोज 400 मिलिग्रॅम किंवा अधिक डोस, दोनेक वर्षांहून जास्त काळ, साठीपुढचे वय आणि आधीचा फुप्फुसाचा आजार, यांनी धोका वाढतो. निदान झाले की औषध थांबवतात आणि त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड देतात. ते महिनोन् महिने, हळूहळू कमी करत, कारण औषध फुप्फुसात साठलेले असते; घाईने थांबवले तर आजार उलटतो. कोणतेही ऑपरेशन ठरले की भूलतज्ज्ञाला हे औषध आवर्जून सांगा. मोठ्या ऑपरेशननंतर फुप्फुसाला अचानक गंभीर इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

यकृत

इथे रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून तारीख पाळणे एवढाच उपाय. एएलटीची वरची मर्यादा 40 असलेल्या लॅबमध्ये आकडा 120 च्या पुढे गेला, म्हणजे तिपटीपलीकडे, की डोस कमी करणे किंवा औषध बंद करणे याचा विचार होतो. फॅटी लिव्हरमुळे आधीपासूनच 70 असेल, तर दुप्पट म्हणजे 140 झाल्यावर. सोनोग्राफीत दिसणारे ‘फॅटी लिव्हर’ आणि औषधाची इजा वरवर सारखी दिसू शकते, त्यामुळे दारू न पिणाऱ्या माणसाचे आकडे चढत असतील तर तेवढ्या शब्दावर समाधान मानू नका.

तारखांचा तक्ता

1 जूनला सुरुवात धरली तर 1 सप्टेंबरच्या सुमारास टीएसएच आणि फ्री टी4. 1 डिसेंबरला थायरॉईड आणि यकृत दोन्ही, आणि मग दर सहा महिन्यांनी तेच. वर्षातून एकदा ईसीजी. एक्स-रेही बरेच डॉक्टर वर्षातून एकदा करून घेतात, आणि नवा खोकला किंवा धाप आली तर वाट न पाहता लगेच. डोळ्यांच्या बुबुळावर बारीक कण जवळपास सर्वांनाच बसतात, त्यांनी सहसा नजर जात नाही. दृष्टी अचानक अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

गोळी बंद झाली म्हणून तक्ता संपत नाही. थायरॉईडचा त्रास बंद केल्यानंतर काही महिन्यांनीही उपटतो, म्हणून पुढचे वर्षभर तपासणी चालू ठेवायची.

त्रास झालाच तर नोंद कुठे करायची

औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद भारतीय औषध दक्षता कार्यक्रमात, म्हणजे पीव्हीपीआयमध्ये होते. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात, शुल्क नाही. टोल फ्री क्रमांक 1800-180-3024, कामाच्या दिवशी. अनेक मेडिकल कॉलेजांत त्यांची केंद्रे आहेत, तिथे फॉर्म देता येतो. त्यात नावाची आद्याक्षरे, वय, औषधाचे नाव आणि डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, काय झाले याचे वर्णन आणि बॅच नंबर विचारतात. बॅच नंबर स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेला असतो. दुकानदार अर्धी स्ट्रिप कापून देतो तेव्हा ते टोक त्याच्याकडेच राहू शकते. नंबर असलेला तुकडा मागून घ्या, किंवा बिलावर बॅच नंबर आहे ना ते काउंटरवरच पाहा, आणि ते बिल याच फाइलमध्ये लावा.