मालवाहू कंटेनर : आतील मापे व खोक्यांची भरणी

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या प्रमाणित पोलादी पेटीचे आतील आकारमान आणि तीत ठरावीक मापाची किती खोकी मावतात हे काढण्याची रीत. ही नोंद मुख्यतः कोरड्या मालाच्या वीस फुटी कंटेनरविषयी असून उदाहरण गोव्यातील काजूगराचे घेतले आहे. मुरगाव बंदरातून जाणारे लोहखनिज सुटे भरले जाते. त्याला ही रीत लागू नाही.

कंटेनरचा उगम सामान्यतः माल्कम मॅक्लीन यांच्या १९५६ मधील ‘आयडियल एक्स’ या जहाजाच्या सफरीशी जोडला जातो. मात्र त्या जहाजावरील ५८ पेट्या ३५ फूट लांबीच्या होत्या आणि ते माप पुढे आंतरराष्ट्रीय मालिकेत आले नाही. आजच्या मापांपुरते बोलायचे तर १९६० नंतरच्या दशकात झालेले समित्यांचे काम, म्हणजे आयएसओ ६६८ या मानकाकडे नेणारे काम, अधिक निर्णायक मानणे योग्य ठरते. आठ फूट रुंदी बहुधा अमेरिकेतील रस्त्यांवरच्या वाहनमर्यादेतून आली असावी. वीस फुटी म्हटला जाणारा कंटेनर बाहेरून ६,०५८ मिमी, म्हणजे वीस फुटांहून थोडा कमी भरतो. असे दोन कंटेनर मध्ये ७६ मिमी फट ठेवून मांडले की चाळीस फुटी कंटेनरची १२,१९२ मिमी लांबी बरोबर जमते.

आतील मापांचे दोन संच प्रचलित आहेत. व्यवहारात साधारणपणे ५,८९८ मिमी लांबी, २,३५२ रुंदी आणि २,३९३ उंची धरतात. दरवाजा सुमारे २,३४० रुंद आणि २,२८० उंच असतो. मानकाने मात्र किमान ५,८६७, २,३३० व २,३५० मिमी एवढ्याचीच हमी दिलेली आहे. कोणता कंटेनर वाट्याला येईल हे आधी कळत नसल्याने मांडणीची अंतिम कसोटी किमान मापांवर घेणे सुरक्षित.

काजूगराच्या व्यापारात वीस फुटी कंटेनरला २२.६८ किलोची ७०० खोकी हा रुळलेला आकडा आहे. प्रत्येक खोक्यात ११.३४ किलोच्या दोन पिशव्या असतात. निव्वळ माल १५,८७६ किलो होतो. कंटेनरची एकूण वजनमर्यादा सहसा ३०,४८० किलो असल्याने येथे वजन नव्हे, जागा आडवी येते.

खोके बाहेरून ४८० × २४० × ३३० मिमी आहे असे धरू. घनफळाला घनफळाने भागले तर ८७३ खोकी येतात. हा आकडा फसवा आहे, कारण खोके तुकड्याने बसत नाही. प्रत्येक दिशेला स्वतंत्र भागाकार करून अपूर्णांक सोडावा लागतो : लांबीत १२, रुंदीत ९, उंचीत ७, म्हणजे ७५६. त्यातही सातव्या थराची उंची २,३१० मिमी होते. ती छताखाली बसते, पण दरवाज्याच्या चौकटीहून ३० मिमी जास्त आहे. त्यामुळे दरवाज्याजवळच्या शेवटच्या ओळीवर सातवे खोके सरकवता येत नाही. तिथली ९ वजा जाऊन ७४७ उरतात. ७०० खोक्यांसाठी सहा पूर्ण थरांत ६४८ आणि वर ५२ लागतात. ही ५२ समोरच्या बंद भिंतीकडे रचून पट्ट्याने बांधतात.

खरी अडचण फुगवट्याची असते. भरलेल्या खोक्याच्या रुंद बाजू बाहेर येतात आणि दर खोक्यामागचे काही मिलिमीटर ओळभर साचत जातात. खोक्याची लांब कड कंटेनरच्या लांबीला समांतर ठेवली, तर फुगवटा बाजूच्या भिंतींकडे जातो. तिथे ९ खोक्यांमागे १९२ मिमी मोकळे आहेत, म्हणजे दर खोक्याला २१. हीच खोकी आडवी फिरवून चार रांगा आणि उरलेल्या पट्ट्यात एक सरळ रांग लावली, तरी थरात १०८ च बसतात. कागदावर दोन्ही मांडण्या सारख्याच. पण आडव्या मांडणीत लांबीला २४ खोकी लागतात आणि दर खोक्याला जेमतेम ५.७५ मिमी सूट मिळते. खोकी ६ मिमी फुगली की शेवटची ओळ बाहेर राहते, आणि ते कळते कंटेनर जवळजवळ भरल्यावर. म्हणून पहिली मांडणीच घ्यावी.

फुगवटा मोजायचा तर भरून एक रात्र थप्पीत ठेवलेली दहा खोकी जमिनीवर एकमेकांना लागून लावावीत आणि एकूण लांबी दहाने भागावी. एकाच खोक्याचे माप घेतल्यास तो दिसत नाही. छापील तक्त्यावरचे माप बहुधा खोक्याच्या आतले असते, हेही तपासावे.

चाळीस फुटी कंटेनरची आतील लांबी साधारणतः १२,०३२ मिमी असते आणि वरील खोक्याच्या २५ ओळी १२,००० मिमी घेतात. मानकातील किमान लांबी मात्र ११,९९८ मिमी आहे. दोन मिलिमीटर कमी पडतात. तेव्हा हिशेब २४ ओळींचाच धरावा.