पहिले सहा महिने भाडे नाही, मग हिशेबात खर्च कसा?
ऑफिसच्या जागेचा नवा करार केलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जागामालकाशी बोलणी करून तुम्ही सुरुवातीचे काही महिने भाडे माफ करून घेतले. सामान हलवले, काम सुरू झाले. महिनाअखेरीस आमच्याकडून नफा-तोट्याचा तक्ता आला आणि त्यात भाड्याचा खर्च दिसला. मग फोन येतो, "अहो, आम्ही तर एक पैसाही भरलेला नाही. हे कुठून आले?" हा प्रश्न रास्त आहे, आणि फोनवर घाईत दिलेल्या उत्तराने कुणाचे समाधान होत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

विजेच्या बिलापासून सुरुवात करू. या महिन्यात वापरलेल्या विजेचे बिल पुढच्या महिन्यात भरले, तरी खर्च या महिन्याचाच धरतात, कारण वीज या महिन्यात वापरली. भाड्याचेही तसेच आहे. जागेचा ताबा मिळाला, दाराची किल्ली तुमच्या हातात आली, त्या दिवसापासून तुम्ही जागा वापरता आहात. पैसे कधी द्यायचे ते करारात ठरते. खर्च कधीचा ते वापरावरून ठरते.

शिवाय माफ केलेले महिने जागामालक पदरमोड करून देत नाही. तो पूर्ण मुदतीचा एकच हिशेब मांडतो आणि सुरुवातीला सोडलेले पैसे पुढच्या महिन्यांच्या दरात बसवतो. तुम्हालाही सहा महिने फुकट आणि उरलेले महिने महाग अशा दोन वेगळ्या जागा मिळालेल्या नाहीत. एकच जागा, एकाच मुदतीसाठी, एकूण एका रकमेला मिळाली आहे. ती रक्कम मुदतीच्या सगळ्या महिन्यांवर सारखी वाटायची, एवढेच आम्ही करतो. हिशेबाच्या भाषेत याला स्ट्रेट लाइन पद्धत म्हणतात.

एक करार, आकड्यांसह

करार ५ वर्षांचा, म्हणजे ६० महिन्यांचा आहे. पहिले ६ महिने भाडे नाही. सातव्या ते छत्तिसाव्या महिन्यापर्यंत दरमहा १,००,०००, आणि सदतिसाव्यापासून शेवटपर्यंत दरमहा १,१५,०००. ही वाढ करारातच ठरलेली आहे.

मधल्या ३० महिन्यांचे ३०,००,००० होतात आणि शेवटच्या २४ महिन्यांचे २७,६०,०००. एकूण ५७,६०,०००. याला ६० ने भागले की ९६,००० येतात. पहिल्या महिन्यापासून साठाव्या महिन्यापर्यंत दर महिन्याचा भाडेखर्च हाच, खात्यातून त्या महिन्यात काहीही गेलेले असो.

पहिल्या महिन्याची नोंद अशी होते: भाडेखर्च खाते नावे ९६,०००, स्थगित भाडे खाते जमा ९६,०००. हे दुसरे खाते ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दिसते. जागा वापरून झाली, पण तिचे पैसे अजून द्यायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सहा महिन्यांत या खात्यात ५,७६,००० साचतात.

सातव्या महिन्यात तुम्ही १,००,००० भरता. त्यातले ९६,००० त्या महिन्याच्या खर्चाचे असतात आणि वरचे ४,००० जुन्या देण्यातून वजा होतात. छत्तिसाव्या महिन्यापर्यंत हे देणे असे हळूहळू उतरत राहते. भाडे वाढल्यावर दरमहा १९,००० उतरू लागतात. करार वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू झाला असे धरले, तर वर्षअखेरचे चित्र असे दिसते:

| वर्ष | खर्च धरला | पैसे दिले | वर्षअखेर स्थगित भाडे |
|---|---|---|---|
| १ | ११,५२,००० | ६,००,००० | ५,५२,००० |
| २ | ११,५२,००० | १२,००,००० | ५,०४,००० |
| ३ | ११,५२,००० | १२,००,००० | ४,५६,००० |
| ४ | ११,५२,००० | १३,८०,००० | २,२८,००० |
| ५ | ११,५२,००० | १३,८०,००० | ० |

शेवटच्या रकान्यातले शेवटचे शून्य महत्त्वाचे आहे. मुदत संपताना या खात्यात काहीही उरता कामा नये. उरलेच, तर सुरुवातीच्या भागाकारात चूक झाली होती किंवा मध्येच करार बदलला आणि हिशेबाला ते कुणी सांगितले नाही. आम्ही दरवर्षी हे खाते असेच तपासतो: आजची शिल्लक आणि पुढच्या महिन्यांचा खर्च यांची बेरीज, पुढे भरायच्या एकूण भाड्याएवढी यायला हवी. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ४,५६,००० अधिक २४ महिन्यांचे २३,०४,०००, बरोबर २७,६०,०००. पुढच्या दोन वर्षांत भरायचे भाडे नेमके तेवढेच आहे.

हे केले नाही तर काय होते

आमच्या एका ग्राहकाने वरच्यासारखाच करार केला होता. दोन भागीदारांचा व्यवसाय. पहिल्या सहामाहीचा तक्ता त्यांनी स्वतःच तयार केला होता आणि त्यात भाड्याच्या रकान्यात काहीच नव्हते. नफा दिसत होता ४,१०,०००. त्या भरवशावर दोघांनी नफ्यातली उचल घेतली. कागद आमच्याकडे आल्यावर आम्ही ५,७६,००० चा भाडेखर्च धरला आणि त्याच सहामाहीत १,६६,००० तोटा निघाला. सातव्या महिन्यापासून दरमहा एक लाख जाऊ लागले, तेव्हा बँकेतली शिल्लक अपुरी पडली. व्यवसाय चांगला होता, माणसेही मेहनती होती. फक्त सहा महिने त्यांना आपल्या जागेची खरी किंमत दिसली नाही. ही गोष्ट आमच्या मनाला लागली, आणि तेव्हापासून नव्या जागेत जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा करार आम्ही ताबा मिळण्याआधीच मागून घेतो.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी. सारखा वाटलेला खर्च नफा खरा दाखवतो, पण रोख पैशांचे नियोजन त्यावरून करू नका. पहिल्या सहा महिन्यांत खात्यात पैसे राहतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी खर्चापेक्षा जास्त बाहेर जातात. त्यासाठी भाडे भरण्याच्या तारखांचा वेगळा तक्ता ठेवावा लागतो. आम्ही दोन्ही देतो.

करारात काय पाहायचे

सर्वांत जास्त चुका तारखेत होतात. करारात बहुधा दोन तारखा असतात, ताब्याची तारीख आणि भाडे सुरू होण्याची तारीख. पुष्कळ जण दुसरी धरतात आणि ५७,६०,००० ला ६० ऐवजी ५४ ने भागतात. मग खर्च दरमहा १,०६,६६७ होतो आणि पहिले सहा महिने कोरे राहतात. एकूण रक्कम तीच भरते, त्यामुळे ही चूक शेवटच्या बेरजेत कधीच सापडत नाही. ती ओळखायची खूण एकच: जागेत काम चालू आहे आणि भाडेखर्च शून्य आहे असा एखादा महिना दिसतो का? जागा तुमच्या ताब्यात असून तुम्ही आत फक्त फर्निचर आणि वायरिंगचे काम करत असाल, तरी महिने मोजायला सुरुवात झालेली असते.

दुसरा प्रश्न मुदतीचा. करार ६० महिन्यांचा असला तरी छत्तिसाव्या महिन्यानंतर दंड न भरता बाहेर पडण्याची मुभा तुम्हाला असेल, तर वाटप कितीवर करायचे? जी मुदत मोडता येत नाही ती धरायचीच. त्यापुढचा काळ धरायचा तो तुम्ही तिथे राहणार हे जवळपास नक्की असेल तरच. इथे आम्ही तुम्हाला विचारतो: आत केलेल्या कामावर किती खर्च केला, जागा सोडणे परवडेल का? ३६ महिनेच धरले तर एकूण भाडे ३०,००,००० आणि दरमहा खर्च ८३,३३३ होतो. म्हणजे एका उत्तरावर महिन्याला बारा-तेरा हजारांचा फरक पडतो. म्हणून हे उत्तर विचार करून द्या, आणि ते का दिले हेही आम्ही फाइलमध्ये लिहून ठेवतो.

वाटपात फक्त भाडे घ्यायचे. परत मिळणारी अनामत त्यात येत नाही, आणि करारात वेगळा लिहिलेला देखभाल खर्चही आम्ही वेगळाच ठेवतो. देखभाल बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून भरावी लागते, भाडे माफ असले तरी. भाडेवाढ महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली असेल, तर पुढे किती वाढेल याचा अंदाज बांधून ती आधीच वाटत नाहीत. वर घेतलेल्या उदाहरणातली वाढ ठरीव होती, म्हणून ती धरली. जागामालकाने आतल्या कामासाठी रोख मदत दिली असेल, तर तीही अशीच मुदतभर वाटून भाडेखर्चातून वजा होते.

मध्येच जागा सोडली तर

समजा चाळिसाव्या महिन्याच्या शेवटी तुम्ही बाहेर पडलात. त्या दिवशी स्थगित भाड्यात ४,५६,००० वजा चार महिन्यांचे ७६,०००, म्हणजे ३,८०,००० शिल्लक असतील. हे पैसे जागामालकाला द्यायचे नसतील, तर ते देणे उरत नाही आणि त्या महिन्यात नफ्याच्या बाजूला येते. पण मुदतीआधी जागा सोडल्यास माफ केलेले भाडे परत वसूल करण्याचे कलम अनेक करारांत असते. ते असेल तर या शिलकीवर नफा म्हणून हात ठेवता येत नाही, उलट वसुलीची रक्कम तिच्याहून मोठी असू शकते. सहा महिन्यांचे एक लाखाच्या दराने ६,००,००० होतात आणि शिल्लक ३,८०,०००च आहे. उरलेले २,२०,००० त्या महिन्याचा नवा खर्च. सही करण्याआधी हे कलम शोधाच.

कोणाला हे लागू नाही

वरची पद्धत लहान आणि मध्यम संस्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आणि आमचे बहुतेक ग्राहक अशाच आकाराचे आहेत. मोठ्या कंपन्यांसाठीचे आयएफआरएस १६ हे मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. त्यात भाडेकरू पुढच्या सगळ्या भाड्याचे आजचे मूल्य काढून ते देणे म्हणून आणि जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवतो. खर्च मग घसारा आणि व्याज अशा दोन भागांत येतो. तिथेही घसारा ताबा मिळाल्यापासूनच सुरू होतो, भाडे सुरू झाल्यापासून नाही. तुमची कंपनी अशा समूहाचा भाग असेल, तर मूळ कंपनीला पाठवायचे आकडे वेगळे काढावे लागतात, ते आम्हाला आधी सांगा. करासाठी कोणता खर्च कोणत्या वर्षी वजावट म्हणून मिळतो, हे करकायद्यावरून ठरते. तो हिशेब आम्ही स्वतंत्र मांडतो.

नवा करार झाला की आम्हाला तीन गोष्टी पाठवा: सही केलेला करार सर्व परिशिष्टांसह, किल्ली मिळाल्याची तारीख, आणि करारानंतर जागामालकाने पत्राने किंवा ईमेलने काही सवलत दिली असेल तर तिची प्रत. दोन महिने आणखी माफ केल्याचे पत्र तुमच्या मेलबॉक्समध्येच राहिले, तर आमचा भागाकार त्या दिवसापासून चुकतो.