यंत्र-तासामागील अंशदान

विक्री किमतीतून चल खर्च (कच्चा माल, नगावर दिली जाणारी मजुरी, वाहतूक) वजा केल्यावर उरते ते अंशदान. सगळी मागणी पुरवण्याइतका यंत्राचा वेळ नसेल, तेव्हा नगामागील अंशदान पाहून उत्पादनांचा क्रम लावला तर तो चुकतो. त्या नगाने यंत्राचा किती वेळ घेतला, हेही त्यात धरावे लागते.

समजा, एका यंत्राचे महिन्याला 400 तास मिळतात आणि त्यावर तीन उत्पादने होतात. ‘क’चे नगामागील अंशदान 360 आहे, पण एका नगाला 3 तास लागतात. ‘ख’चे 200, वेळ 1 तास. ‘ग’चे अवघे 75, मात्र अर्ध्या तासात नग तयार. तासाला भागले की ‘ख’ 200, ‘ग’ 150 आणि ‘क’ 120 असा क्रम लागतो. नगावर सर्वांत जास्त देणारा ‘क’ शेवटी जातो. ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ची मागणी अनुक्रमे 80, 150 आणि 200 नगांची, म्हणजे 490 तासांची आहे. आधी ‘ख’ला 150 तास, मग ‘ग’ला 100 दिले की उरलेल्या 150 तासांत ‘क’चे 50 नग बसतात. एकूण अंशदान 63,000 होते. नगामागील अंशदानाच्या क्रमाने गेल्यास ते 60,300 वर थांबते.

खरी गल्लत होते ती शेवटच्या क्रमांकाचे उत्पादन बंद करताना. भाडे, घसारा, पगार असा स्थिर खर्च 52,000 असेल आणि तो यंत्र-तासांवर वाटला, तर तासाला 130 पडतात. मग ‘क’ नगामागे 30 तोट्यात दिसतो आणि कोणीतरी तो बंद करायला सांगतो. बंद केला की 150 तास रिकामे पडतात, कारण ‘ख’ आणि ‘ग’ची मागणी आधीच पुरवून झालेली असते. अंशदानातून 18,000 जातात, स्थिर खर्च मात्र तसाच राहतो आणि 11,000 नफ्याच्या जागी 7,000 तोटा येतो. ‘क’ काढणे परवडते ते त्या तासांना 120 हून जास्त देणारे दुसरे काम हाती असेल किंवा त्याच्यासोबत पुरेसा स्थिर खर्चही जाणार असेल तरच.

हिशेबात सेटिंगचा, म्हणजे पुढच्या कामासाठी यंत्र जुळवून घेण्याचा वेळ बहुधा सुटतो. ‘ग’चे चार-चार नगांचे लॉट काढले आणि प्रत्येक लॉटला अर्धा तास सेटिंग लागली, तर अडीच तासांत 300 मिळतात. म्हणजे तासाला 120, थेट ‘क’च्या बरोबरीला. लॉट त्याहून लहान झाला की ‘ग’ मागे पडतो.

ही रीत एकच अडसर असेल तेव्हाच चालते. कामाची रांग खरोखर त्याच यंत्रापुढे लागते का, हे आधी पाहावे. दोन यंत्रे एकाच वेळी अपुरी पडत असतील, तर एका भागाकाराने क्रम ठरत नाही; तिथे रेषीय प्रायोजन, म्हणजे सगळ्या मर्यादा एकत्र धरून सर्वांत फायदेशीर मेळ काढणारी गणिती रीत वापरतात.