दावा चालू असताना प्रतिवादी मालमत्ता विकायला निघाला तर

येणे रकमेच्या वसुलीसाठी दावा लावला की समोरच्याचे हात बांधले गेले, असे अनेक व्यापारी धरून चालतात. तसे होत नाही. जमिनीच्या किंवा घराच्या हक्काचाच वाद असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ मदतीला येते. साध्या पैशांच्या दाव्यात मात्र प्रतिवादी आपला गाळा, यंत्रे किंवा घर विकायला मोकळा असतो. दावा जिंकून हुकूमनामा हाती येईपर्यंत वसुली करण्यासारखे काहीच उरले नाही, अशी वेळ म्हणूनच येते. ती टाळण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन उपाय आहेत: आदेश ३८, नियम ५ खालील निकालपूर्व जप्ती आणि आदेश ४० खालील रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती. वसुलीच्या दाव्यात बहुतेक वेळा पहिलाच कामाचा असतो.

एक उदाहरण घेऊ. इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याचे एका यंत्रमागधारकाकडून १८ लाख ४० हजार रुपये येणे आहे. बिले, ई-वे बिले आणि सही केलेला खातेउतारा हाती आहे. यंत्रमागधारकाकडे ८ रेपिअर माग आहेत, त्यांची आजची किंमत सुमारे १२ लाख. स्वतःचा २६ लाखांचा गाळा आहे, पण त्यावर बँकेचे १५ लाखांचे गहाण आहे. एके दिवशी दलालाकडून कळते की माग विक्रीला काढले आहेत.

आमच्या वकिली कार्यालयात येणारे ग्राहक या टप्प्यावर म्हणतात, ‘लगेच जप्ती आणा.’ न्यायालय आधी दोन गोष्टी पाहते. येणे प्रथमदर्शनी खरे दिसते का? आणि हुकूमनाम्याच्या बजावणीत अडथळा यावा किंवा उशीर व्हावा या हेतूने प्रतिवादी मालमत्ता विकतो किंवा न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेतो आहे का? पहिली गोष्ट कितीही भक्कम असली तरी दुसरी सिद्ध केल्याशिवाय हुकूम मिळत नाही. रमन टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, विनातारण येणे तारणी करून घेण्यासाठी ही तरतूद वापरता येणार नाही. केवळ धंदा दुसऱ्या जागेत हलवला किंवा यंत्रे दुसरीकडे नेली, एवढ्यावरही जप्ती होत नाही, असेही त्याच निकालात आहे. म्हणून आपल्या उदाहरणात ‘माग दुसऱ्या शेडमध्ये हलवले’ ही तक्रार अपुरी आहे. धंदा चालू ठेवण्यासाठी दोन जुने माग काढून नवे घेणे, हीसुद्धा रोजची उलाढाल आहे.

मग हेतू कशातून दिसतो? नोटीस मिळाल्यावर आठवडाभरात सगळे माग एकदम विकायला काढणे, बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत मागणे, गाळा मेहुण्याच्या नावे करण्याची कागदपत्रे तयार होणे, बँक खाते रिकामे करणे. अशा घटना एकत्र आल्या की न्यायाधीशांसमोर चित्र उभे राहते. प्रतिज्ञापत्रात ‘विश्वसनीयरीत्या समजले’ असे मोघम लिहून भागत नाही. कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, काय सांगितले हे लिहावे लागते. शक्य असेल तर दलालाचेच प्रतिज्ञापत्र जोडावे. विक्रीचा संदेश व्हॉट्सअॅपवर आला असेल तर तो पुसू नका आणि फोन बदलू नका. त्याची प्रत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह द्यावी लागते.

अर्जात कोणती मालमत्ता जप्त करायची आणि तिची अंदाजे किंमत काय, हे लिहायचे असते. मागणी येणे रकमेपुरतीच असावी. इथे ८ माग १२ लाखांचे, आणि बँकेचे गहाण वजा जाता गाळ्यात ११ लाख उरतात, म्हणजे एकूण २३ लाख. एवढे पुरे. त्याचे राहते घरही जोडले तर अर्ज सूडाचा वाटतो, म्हणून आम्ही ते टाळतो. बँकेचा हक्क जप्तीने कमी होत नाही, त्यामुळे गाळ्याची किंमत पूर्ण २६ लाख धरून हिशेब करू नये.

न्यायालय प्रतिवादीला ठरावीक मुदतीत तारण देण्यास, किंवा का देऊ नये याचे कारण दाखवण्यास सांगते. धोका तातडीचा असेल तर त्याच हुकमात सशर्त जप्तीही होऊ शकते. मात्र तारण किंवा कारण दाखवण्याचा हा निर्देश न देता केलेली जप्ती नियमानेच रद्दबातल ठरते. म्हणून हुकमाची भाषा आम्ही त्याच दिवशी शब्दशः तपासतो. प्रतिवादीने बँक हमी किंवा मुदत ठेव दिली तर जप्ती उठते. आपल्यासाठी तेही चांगलेच, कारण रक्कम सुरक्षित राहते.

हुकूम मिळाल्यावर वेळ घालवू नये. बेलिफ पंचनामा करून माग जप्त करतो आणि जागेवरच ठेवायचे असतील तर जबाबदार माणसाच्या सुपूर्द करतो. गाळ्यासाठी मनाईहुकूम बजावला जातो, जागेवर चिकटवला जातो. त्याची प्रत दुय्यम निबंधक आणि नगर भूमापन कार्यालयात देऊन पोच घ्यावी, म्हणजे पुढचा खरेदीदार ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणू शकत नाही. संहितेच्या कलम ६४ नुसार जप्तीनंतरची खासगी विक्री आपल्या हक्काविरुद्ध चालत नाही. पण जप्तीपूर्वी खरेदीखतावर सह्या झाल्या असतील आणि नोंदणी नंतर झाली असेल, तर खरेदीदाराचा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने हमदा अम्माल प्रकरणात ठरवले आहे. त्यामुळे अर्जाआधी नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूची क्रमांक २ चा शोध घेऊनही थोडी जोखीम राहतेच.

व्यापारी वाद ३ लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल तरच त्यातून सूट मिळते. ती तातडी केवळ नावापुरती आहे असे दिसले तर दावाच फेटाळला जाऊ शकतो.

रिसीव्हर हा वेगळ्या दुखण्यावरचा उपाय आहे. मालमत्ता उत्पन्न देणारी आहे आणि त्यात वादीचाही हक्क आहे, तिथे तो शोभतो. भागीदारीच्या दुकानातली वसुली एक भागीदार स्वतःच्या खात्यात भरतो आहे, किंवा सामाईक इमारतीचे भाडे एकटा भाऊ घेतो आहे, अशा वेळी रिसीव्हर भाडे गोळा करतो आणि हिशेब न्यायालयाला देतो. मुंबई उच्च न्यायालयात यासाठी कोर्ट रिसीव्हरचे कार्यालयच आहे. पुष्कळदा ताबा असलेल्यालाच रिसीव्हरचा एजंट नेमून दरमहा रॉयल्टी भरायला लावतात, म्हणजे धंदाही बंद पडत नाही. रिसीव्हरचा खर्च मालमत्तेतूनच जातो, आणि आपल्या सूत व्यापाऱ्यासारख्या विनातारण धनकोला न्यायालय रिसीव्हर सहसा देत नाही.

जप्तीमुळे आपल्याला इतर धनकोंच्या आधी पैसे मिळण्याचा हक्क मिळत नाही. मालमत्तेची विक्री होऊन रक्कम न्यायालयात येण्यापूर्वी दुसऱ्या हुकूमनामाधारकांनीही बजावणीसाठी दरखास्त केली असेल, तर ती रक्कम सर्वांत प्रमाणात वाटली जाते. आणि जप्ती अपुऱ्या कारणांवर मागितली असे ठरले, तर संहितेच्या कलम ९५ खाली प्रतिवादीला ५० हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. म्हणून पुरावा कच्चा असेल तर आम्ही अर्ज थांबवायला सांगतो.

दावा जिंकल्यावर पुन्हा जप्ती करावी लागत नाही, तीच जप्ती दरखास्तीत चालते. पण गैरहजेरीमुळे दावा निकाली निघाला तर जप्ती संपते, आणि दावा पुढे पुन्हा चालू झाला तरी ती जप्ती परत येत नाही. प्रत्येक तारीख आम्ही आदल्या दिवशी फोनवर कळवतो. साक्षीसाठी बोलावले असेल त्या दिवशी तुम्ही स्वतः यावे.